ती ‘ताकदीची गोळी’ नव्हे : पायांच्या आगीबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

“टीबीच्या गोळ्यांनी पायांची आग होते असं लिहून तुम्ही लोकांना गोळ्या सोडायला लावताय. आमच्या काकांनाही आग व्हायची, डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. आणि एका साध्या व्हिटॅमिनच्या गोळीने हे टळत असेल तर ती सगळ्यांना का देत नाहीत? उगाच घाबरवू नका.”

नमस्कार. तुमच्या रागाचं एक कारण मला मान्य आहे. त्या लेखात ‘गोळ्या सोडू नका’ हे वाक्य शेवटी आलं होतं, ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. म्हणून इथे आधी तेच लिहितो : पाय जळायला लागले तरी टीबीच्या गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही थांबवायच्या नाहीत. आग गोळ्या चालू ठेवूनच आटोक्यात आणता येते.

पण हे लिहूच नये, हे मला पटत नाही. सिंधुदुर्गात सरकारी दवाखान्याच्या खिडकीत औषधं देण्यात माझी नोकरी गेली. गोळ्या सोडणारी जी माणसं मी पाहिली, त्यांना कुणी घाबरवलं नव्हतं. उलट कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यातली एक बाई सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून.

काजूच्या कारखान्यात कामाला होती. वजन ३८ किलो, पदरात आठ महिन्यांचं मूल. उपचार जूनमध्ये सुरू झाले. चार औषधं एकत्र असलेल्या एका गोळीत, ज्याने ही आग होऊ शकते ते आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम असतं. तिच्या वजनाला रोज तीन गोळ्या, म्हणजे २२५ मिलिग्रॅम. किलोमागे जवळपास ६, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला. डोस चुकला नव्हता. ३५ ते ४९ किलो हा एकच गट धरलेला असल्यामुळे त्यातल्या हलक्या माणसाला किलोमागे थोडं जास्त औषध जातं.

गणपतीच्या आधी ती गोळ्या न्यायला आली आणि खिडकीशी उभी राहून म्हणाली, “दादानू, रात्री तळपाय जळतत. गोधडी लागली तरी सोसना नाय.” घरी सगळ्यांनी उष्णता ठरवली होती. सासू रोज रात्री तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासत होती, दुपारी कोकम सरबत चालू होतं. एका खासगी ठिकाणी तिला बी-१२ ची इंजेक्शनं दिली होती. त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि गेले दहा-बारा दिवस ती गोळ्या एक दिवसाआड घेत होती, कारण न घेतलेल्या दिवशी आग कमी वाटते असं तिला वाटायचं. हे तिने विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

आता ही आग कशी होते ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आयसोनियाझिड १९५२ पासून टीबीवर वापरलं जातं आणि आजही ते मुख्य औषधांपैकी एक आहे. पण शरीरातल्या बी-६ या जीवनसत्त्वाशी त्याचं जमत नाही. ते बी-६ ला चिकटतं आणि ती जोडी लघवीवाटे निघून जाते. शिवाय उरलेलं बी-६ वापरण्याजोगं करणाऱ्या यंत्रणेतही ते अडथळा आणतं. मज्जातंतूंना बी-६ रोज लागतं. तुटवडा पडला की सगळ्यांत लांब तंतू आधी कुरकुरतात, आणि शरीरातले सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांना मुंग्या येण्याने होते, दोन्ही पायांना सारखीच, मग तळवे आणि घोटे, जणू मोजा चढवावा तशी. दुर्लक्ष केलं तर पुढे हाताच्या बोटांनाही होतं. रात्री जास्त जाणवतं.

सगळ्यांना असं होत नाही. नेहमीच्या डोसला, अंगात बाकी काही दोष नसेल तर, शंभरात एक-दोघांनाच त्रास होतो. धोका वाढतो तो कुपोषित माणसाला, मधुमेह असलेल्याला, रोज दारू घेणाऱ्याला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, एचआयव्ही असलेल्याला, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्याला. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही : काही माणसांच्या शरीरातून आयसोनियाझिडचा निचरा हळू होतो. हे जन्मजात असतं आणि आपल्या देशात अशी माणसं साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त आहेत.

आता त्या बाईकडे परत बघा. ३८ किलो आणि अंगावर पाजणारी. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे ताटात पेज आणि फार तर सुकट. तिला पहिल्या दिवसापासून बी-६ मिळायला हवं होतं.

आणि ते दिलं होतं. हेच मला आजही सलतं. तिच्या उपचारपत्रिकेवर पायरिडॉक्सिन १० मिलिग्रॅम, रोज एक, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पायरिडॉक्सिन म्हणजेच बी-६. ती गोळी मोठ्या गोळ्यांच्या पट्टीत नसते, कागदाच्या पुडीत वेगळी दिली जाते. पुडी देताना मी तिला म्हणालो होतो, “ही ताकदीची.” सगळे तसंच म्हणायचे. तिने घरी नेऊन ती पुडी सासूला दिली, कारण सासूच्या गुडघ्यांत ताकद नव्हती आणि ही तर औषध घेतच होती. यात तिचं काय चुकलं? ताकदीची गोळी घरात ज्याला जास्त गरज आहे त्याला द्यायची, हा आपल्याकडचा शहाणपणाच आहे. चूक माझ्या शब्दाची होती. ती गोळी ताकद वाढवायला नसतेच. टीबीचं औषध जे रोज काढून नेतं ते रोज परत भरायला असते.

त्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं. आधी रक्तातली साखर पाहिली, ती ठीक होती. कंप पावणारा नादकाटा पायाच्या अंगठ्यावर टेकवला तर थरथर कळत नव्हती, गुडघ्यावर कळत होती. घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल हललं नाही. दोन्ही पायांना सारखंच. अंगावर बधिर चट्टा नव्हता, कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची शीर जाड लागत नव्हती. कोकणात हे तपासावंच लागतं, कारण कुष्ठरोगही मज्जातंतूच धरतो, पण तो बहुधा एका बाजूला आणि तुकड्यातुकड्यांनी. त्या चार औषधांतल्या पायरझिनामाइडने घोटे आणि बोटं दुखतात, तेही नव्हतं. ते सांध्याचं दुखणं असतं, सांधा सुजतो, आणि ते औषध पहिल्या दोन महिन्यांनीच थांबतं. हिचं ते थांबून तीन आठवडे झाले होते आणि आग वाढतच होती.

तिला पायरिडॉक्सिन रोज १०० मिलिग्रॅम सुरू केलं. टीबीच्या गोळ्या रोज, न चुकता, तशाच चालू. दहा-बारा दिवसांनी तिला रात्री झोप लागायला लागली. आग जायला दीड महिना गेला. बोटांच्या टोकांची बधिरता उपचार संपल्यावरही थोडी होती आणि नंतर हळूहळू गेली. त्रास गेल्यावर डॉक्टरांनी डोस परत १० वर आणला. उशीर झाला तर बधिरता कायमचीही राहू शकते, म्हणून पहिल्या मुंग्यांनाच सांगायचं असतं.

बी-१२ च्या इंजेक्शनांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या काकांच्या बाबतीतही तसं झालं असू शकतं. बी-१२ आणि बी-६ ही दोन वेगळी जीवनसत्त्वं आहेत. आयसोनियाझिड बी-६ काढून नेतं, तिथे बी-१२ कितीही दिलं तरी ती जागा भरत नाही. बी कॉम्प्लेक्सच्या गोळीत बी-६ असतं, पण किती ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. पट्टीमागे पायरिडॉक्सिनपुढचा आकडा वाचल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका. आणि उलट टोकही लक्षात ठेवा : बी-६ महिनोन्‌महिने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर त्यानेच मज्जातंतू दुखावतात, आणि लक्षणंही हीच, पायांची आग. म्हणून आपल्या मनाने दोनाच्या चार गोळ्या करायच्या नाहीत.

सगळ्यांना का देत नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला धोका असलेल्यांना द्या असा आहे, आणि ती यादी वर सांगितली तीच. कारण बाकीच्यांना त्रास क्वचित होतो. थोड्या मात्रेनेही काम भागतं हे आपल्याच देशात, मद्रासच्या टीबी संशोधन केंद्रात, १९६० च्या दशकात दाखवलं गेलं. तिथे रोज ६ मिलिग्रॅमने बचाव झाला होता. अनेक डॉक्टर सरसकट १० मिलिग्रॅम देतात आणि माझं मतही तेच आहे. आमच्या भागात कोण किती पितो हे कुणी खरं सांगत नाही, साखर अनेकांनी कधी तपासलेली नसते, आणि निचरा हळू होणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. मग यादी लावून कुणाला वगळणार?

आता काका. नुसत्या अशक्तपणाने दोन्ही तळवे सारखे आणि रात्री जळत नाहीत. त्यांची जुनी उपचारपत्रिका घरात असेल तर काढा आणि तीन गोष्टी बघा. पायरिडॉक्सिन लिहिलं होतं का, आणि ते खरोखर काकाच घेत होते का. आग गोळ्यांच्या आधीपासून होती की नंतर सुरू झाली. आधीपासून असेल तर साखर आणि दारू आधी तपासायला हवी. आणि तिसरी, औषधांत लिनेझोलिड होतं का. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी ते देतात. त्यानेही पाय असेच जळतात, पण ते बी-६ च्या तुटवड्यामुळे नसतं, त्यामुळे बी-६ वाढवून फारसं भागत नाही. तिथे डॉक्टरांनाच डोस कमी करावा किंवा ते औषध थांबवावं लागतं, आणि लवकर. त्यात नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं. काकांचे उपचार अजून चालू असतील तर पत्रिकेवरची औषधांची नावं इथे लिहा, काकांचं नाव नको. पण माझ्या उत्तरासाठी थांबू नका, उद्या सकाळी पत्रिका घेऊन दवाखान्यात जा आणि ‘पायांची आग’ हेच शब्द वापरा, अशक्तपणा म्हणू नका.