उलट-भाषांतर जुळलं, आल्फा ०.८२ आला, मग मेथड्समध्ये आणखी काय लिहायचं?

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणल्यावर मेथड्समध्ये काय काय लिहावं, यावरच्या माझ्या लेखाला आलेली एका वाचकाची प्रतिक्रिया:

"तुमचा लेख वाचून वाटलं, तुम्ही विद्यार्थ्यांना उगाच घाबरवता. मी मेथड्समध्ये लिहिलंय: 'प्रश्नावलीचं प्रमाणित पद्धतीने भाषांतर व उलट-भाषांतर करण्यात आलं, क्रॉनबाख आल्फा ०.८२.' उलट-भाषांतर मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळलं, आल्फाही ०.७ च्या वर आहे. जर्नलची शब्दमर्यादा असताना याहून जास्त कशासाठी लिहायचं?"

तुमची शब्दमर्यादेची अडचण खरी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. पण तुम्ही जे दोन पुरावे दिलेत, ते दोन्ही ठीक असतानाही प्रश्नावलीतला एखादा प्रश्न पूर्ण निकामी असू शकतो. एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेतो.

समजा, ताण मोजणारं दहा प्रश्नांचं इंग्रजी स्केल आहे. त्यातल्या एका विधानाचं मराठी असं झालं: "गेल्या महिन्यात गोष्टी माझ्या हातात नव्हत्या." पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. "कधीच नाही"ला शून्य गुण, "नेहमी"ला चार. आता हे दोन जणांना भरायला द्या. पहिली व्यक्ती निवांत आहे. "असं कधीच झालं नाही" या अर्थाने ती "कधीच नाही"वर खूण करते. दुसरी व्यक्ती पार मेटाकुटीला आलेली आहे. ती विधान वाचते, मनात म्हणते, "खरंय, कधीच नव्हत्या," आणि तीही "कधीच नाही"वरच खूण करते. तिला चार गुण मिळायला हवे होते, मिळाले शून्य.

आता हेच वाक्य उलट-भाषांतर करणाऱ्याकडे गेलं की तो ते बिनचूक इंग्रजीत नेईल, कारण वाक्यात चूक नाहीच. घोटाळा नकारार्थी विधान आणि नकारार्थी पर्याय एकत्र आल्यामुळे, भरणाऱ्याच्या डोक्यात होतो. भाषांतरकार वाक्य वाचतो, पर्यायावर खूण करत नाही. शिवाय आपल्याकडे उलट-भाषांतर करणारा बहुतेक वेळा त्याच विभागातला सहकारी असतो. मूळ स्केल त्याने कुठेतरी पाहिलेलं असतं, त्यामुळे मराठी वाक्य लंगडं असलं तरी तो इंग्रजीत नकळत ते सरळ करून टाकतो. म्हणून जुळणी "तंतोतंत" आहे असं वाचलं की मला आधी विचारावंसं वाटतं, त्याने मूळ पाहिलं होतं का? मेथड्समध्ये या प्रश्नाचं उत्तर एका अर्ध्या वाक्यात यायलाच हवं. बीटन आणि सहकाऱ्यांची २००० सालची मार्गदर्शक पद्धत अनेक जण वापरतात. तिच्यात सरळ भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करायचं असतं, एकाला विषयाची जाण असते, दुसऱ्याला नसते. उलट-भाषांतरही दोघांनी, मूळ न पाहता. पुढे तज्ज्ञ समिती, आणि त्यानंतर ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी. "प्रमाणित पद्धतीने" म्हणताना यातलं काय केलं आणि काय गाळलं, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

आपला प्रश्न सापडतो तो पूर्वचाचणीत, तीही नीट घेतली तर. "प्रश्न समजले का?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा" आणि "हाच पर्याय का निवडलात?" असं विचारावं लागतं. दुसऱ्या व्यक्तीने "कारण काहीच माझ्या हातात नव्हतं" असं सांगितलं की घोटाळा तिथल्या तिथे उघडा पडतो. उपायही सोपा आहे: विधान तसंच ठेवून पर्याय पूर्ण वाक्यात लिहायचे, "असं कधीच झालं नाही", "असं क्वचित झालं", याप्रमाणे. माझ्या मते मेथड्समधली सगळ्यात मोलाची माहिती हीच: पूर्वचाचणीनंतर काय बदललं आणि का. नेमकी तीच बहुतेक प्रबंधांत नसते.

आता आल्फाकडे, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपापसांत किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याकडे. समजा पूर्वचाचणी झालीच नाही आणि हा प्रश्न तसाच राहिला. निम्मे लोक एका अर्थाने, निम्मे दुसऱ्या अर्थाने उत्तर देतात, त्यामुळे त्याचा बाकी प्रश्नांशी सहसंबंध शून्य झाला असं धरू. उरलेल्या नऊ प्रश्नांचा आपापसांतला सहसंबंध ०.४, म्हणजे चांगला. दहा प्रश्नांच्या ४५ जोड्या होतात. त्यातल्या ३६ जोड्यांत ०.४ आणि ९ जोड्यांत शून्य, म्हणून सरासरी ०.३२. प्रमाणित आल्फाच्या सूत्रात हे घातलं की उत्तर येतं ०.८२. तुमचाच आकडा! तो प्रश्न काढला तर ०.८६. म्हणजे दहातला एक प्रश्न ठार मेलेला असताना आल्फा ०.७ च्या कितीतरी वर बसलेला आहे. आल्फा प्रश्नांच्या संख्येबरोबरही वाढतो: वीस प्रश्न आणि सरासरी सहसंबंध जेमतेम ०.२ असला तरी तो ०.८३ येतो. आणि सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात की दोन, हे तर तो सांगतच नाही.

म्हणून एकट्या आल्फाऐवजी प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी असलेला सहसंबंध द्या. आपला मेलेला प्रश्न तिथे शून्याजवळ दिसेल. घटक विश्लेषण केलं असेल तर त्याचा भारही तसाच नगण्य येईल. फक्त एक सावधगिरी: सगळे नकारार्थी प्रश्न मिळून वेगळाच घटक तयार झाला, तर तो ताणाचा नवा पैलू आहे असं घाईने लिहू नका. ती नुसती वाक्यरचनेची करामतही असू शकते.

पुनर्चाचणी घेतली असेल तर मध्ये किती दिवस गेले आणि दोन वेळच्या गुणांची जुळणी मोजणारा आयसीसी कोणता काढला, "सुसंगती"चा की "निखळ जुळणी"चा, हेही सांगा. दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच गुण तीनने वाढले, तर पहिला जसाच्या तसा राहतो, दुसरा घसरतो.

आता शब्दमर्यादा. एवढं सगळं साधारण एका परिच्छेदात मावतं. नमुना म्हणून:

"दोन भाषांतरकारांनी स्वतंत्र मराठी मसुदे केले, त्यांपैकी एकीला मानसशास्त्राची पार्श्वभूमी होती. एकत्रित मसुद्याचं उलट-भाषांतर मूळ स्केल न पाहिलेल्या दोघांनी केलं. तज्ज्ञ समितीने मंजूर केलेला मसुदा ३० जणांवर मुलाखतीद्वारे तपासला. नकारार्थी विधानांना 'कधीच नाही' हा पर्याय दोन अर्थांनी निवडला जात असल्याने सर्व पर्याय पूर्ण वाक्यांत लिहिले. आल्फा, प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध व घटकभार पुरवणी तक्त्यात दिले आहेत."

तक्ता पुरवणीत गेला की बहुतेक जर्नलं तो शब्दसंख्येत धरत नाहीत. मूळ लेखकांची परवानगी घेतल्याचं एक वाक्य तेवढं जोडा.

तुमचा डेटा गोळा झालेलाच आहे, तेव्हा आज प्रश्नवार सहसंबंध काढून बघा. एखादा प्रश्न शून्याजवळ निघाला, तर तो गुपचूप गाळू नका, कारण नऊ प्रश्नांची बेरीज मूळ स्केलच्या दहा प्रश्नांच्या बेरजेशी ताडून बघता येत नाही. आधी त्या प्रश्नाचे गुण उलटवायचे राहिले नाहीत ना, ते पाहा; शून्याऐवजी ठळक उणे सहसंबंध आला असेल तर बहुधा तेच कारण असतं. गुण बरोबर असतील, तर निष्कर्ष त्या प्रश्नासह आणि त्याच्याशिवाय असे दोन्ही द्या, आणि तो का बिघडला असावा हे मर्यादांच्या भागात लिहा.