परदेशातून: गोळीने उतरलेला ताप

"आजारी असाल तर घरी थांबा असं टीमला लिहिलंस ना, आता बघ उद्यापासून निम्मी टीम आजारी. तिकडे जर्मनीत चालत असेल, पुण्यात ही थेरं चालत नाहीत. ताप काय सगळ्यांनाच येतो, गोळी घ्यायची नि कामाला लागायचं. चुकतंय का माझं?"

दादा, चुकतंय. आणि ग्रुपवर तीन ओळींत सांगून तुला पटणार नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझा मावसभाऊ हिंजवडीत एक टीम सांभाळतो. ऑगस्टचा पाऊस, सगळं पुणं खोकतंय, म्हणून त्याने टीमला चार ओळी टाकल्या की फ्लूचे दिवस आहेत, बरं वाटत नसेल तर घरी थांबा, आराम करा, काही अर्जंट असेल तर घरून लॉगिन करा. आणि कौतुकाने तेच फॅमिली ग्रुपवर. तिथे दादाने, म्हणजे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप असलेल्या आमच्या थोरल्या मामेभावाने, वरचं उत्तर दिलं. मी ते स्टुटगार्टला सकाळी एस-बानमध्ये उभी राहून वाचलं आणि ऑफिस येईपर्यंत दात-ओठ खात होते.

'निम्मी टीम आजारी' हे तर आधीच झालेलं होतं, फक्त ते दादाला माहीत नव्हतं, कारण मावसभावाने ते मला फोनवर सांगितलं, ग्रुपवर नाही. त्याच्या टीममधल्या एका टेस्टर मुलीला रविवारी रात्री थंडी वाजून ताप भरला. शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज. सोमवारी सकाळी तिने सहाशेपन्नासची गोळी घेतली, तासाभरात ताप उतरला, जरा हुशारी वाटली, मग कोथरूडहून कंपनीच्या बसने हिंजवडी. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, आत एसी. दहा वाजता स्टँडअप मीटिंग, सगळे त्या काचेच्या छोट्या खोलीत खांद्याला खांदा लावून. दुपारी दोन-अडीचला गोळीचा असर संपला, परत अंग तापलं, परत गोळी. मंगळवारी हेच. बुधवारी तिच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोघं झोपले, गुरुवारी आणखी एक, आणि शुक्रवारचं रिलीज पुढच्या आठवड्यात गेलं. एका मुलीचे चार दिवस वाचवायला निघाले आणि चौघांचे गेले. त्या मुलीला मी दोष देत नाहीये हां, तिने तेच केलं जे आपल्या सगळ्यांच्या घरात शिकवतात.

आमच्या वहिनी सिंहगड रोडला प्रॅक्टिस करतात, त्या ग्रुपवर फार बोलत नाहीत, पण यावर बोलल्या. म्हणाल्या, गोळी ताप खाली आणते, विषाणूला ती काहीही करत नाही. फ्लू झालेला माणूस पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त पसरवतो, आणि तेच दिवस लोक गोळीवर ढकलतात. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच पसरवायला सुरुवात झालेली असते, हेही त्याच म्हणाल्या. दादाने लगेच पकडलं: मग आदल्या दिवशीच जर पसरतोय तर घरी बसून काय फायदा! अर्धं बरोबर आहे त्याचं. रविवारी ती मुलगी ऑफिसात असती तर कुठलाही मेसेज तिला अडवू शकला नसता. पण म्हणून सोमवार आणि मंगळवार, जे सगळ्यात वाईट दिवस, तेही वाटून टाकायचे का?

आत्याने मध्येच सांगितलं की तुळस, आलं, गवती चहाचा काढा दिला की एका दिवसात उभा राहतो माणूस. उभा राहतो गं आत्या, तोच तर प्रॉब्लेम आहे.

मला दादापेक्षा मावसभावाच्या मेसेजचाच जास्त राग आला, हे त्याला वाईट वाटेल म्हणून ग्रुपवर नाही बोलले. 'बरं वाटत नसेल तर' म्हणजे काय? त्या मुलीला सोमवारी सकाळी साडेआठला बरंच वाटत होतं की! मेसेजमध्ये मोजता येईल असं काहीतरी पाहिजे. वहिनींचं माप असं: ताप उतरवायची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नाही, आणि बाकीचा त्रासही उतरणीला लागलाय, मग बाहेर पडायचं, आणि त्यानंतर पाच दिवस मीटिंगमध्ये, बसमध्ये मास्क. आता त्या मुलीला हे लावून बघा. समजा ताप बुधवारी रात्री कायमचा उतरला आणि त्यानंतर गोळी नाही. गुरुवार पूर्ण घरात. शुक्रवारी ऑफिस, रिलीजच्या दिवशी, मास्क लावून, पण स्वतःच्या पायांवर. खोकला मात्र पुढे आठवडाभर राहू शकतो, तेवढ्यासाठी कुणाला घरी डांबून ठेवायची गरज नाही, हेही वहिनीच म्हणाल्या, कारण मावसभाऊ एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन 'खोकणाऱ्या सगळ्यांना घरी' म्हणायला लागला होता.

म्हणजे सोमवार ते गुरुवार, चार दिवस. हे कुणाच्या खात्यातून? मेसेजमध्ये त्याचा उच्चार नाही आणि लोक तर हेच शोधत असतात. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ कॅज्युअल लीव्ह देतो, त्याही तिमाही हिशोबाने खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर जातात. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाहीच. कंपनी स्वतःहून जास्त देते ती गोष्ट वेगळी, पुष्कळ जणी देतात. पण कायद्याच्या हिशोबाने एका फ्लूत निम्मं वर्ष संपलं, आणि गणपती पुढ्यात. कोण घालवेल चार दिवस तापात? मी नसते घालवले.

इकडे जर्मनीत आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार, त्याचा वार्षिक रजेशी काही संबंध नाही. सुट्टीवर असताना आजारी पडलं आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट असलं तर तेवढे दिवस सुट्टीत परत मिळतात, हे मी एकदा ग्रुपवर सांगितलं तर आत्या म्हणाली, म्हणजे तुम्ही नुसते लोळताच की. दादाने शोधून आणलं की २०२५ च्या जानेवारीत अलियान्झ या विमा कंपनीच्या प्रमुखानेच म्हटलं होतं, आजारपणाचा पहिला दिवस बिनपगारी करा, जर्मन लोक फार आजारी पडतात. हो, ओलिव्हर बेटे म्हणाला होता. तो म्हणाला म्हणून कायदा बदलला नाही. पण हे मी स्वतःहून सांगितलं नसतं हे खरं, परदेशात राहिलं की माणूस सोयीचंच निवडून सांगतो, आणि पुण्यातली माणसंही मला ट्रॅफिक आणि खड्ड्यांबद्दल थोडंच सांगतात, ती मला आंबे किती आणले तेच सांगतात.

सर्टिफिकेटचं मात्र दादाला मान्य करावं लागेल. पहिल्याच दिवसाचं सर्टिफिकेट मागणारी ऑफिसं आहेत, आणि वहिनी सांगतात की पावसाळ्यात त्यांच्या दवाखान्यात सकाळी बाकावर बसलेल्यांतले कितीतरी तपासायला नाही, कागदासाठी येतात. शेजारी बीपीची औषधं न्यायला आलेले आजोबा. माझ्या हाउसआर्त्स्टला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला तरी काम होतं, आणि तीन दिवसांपर्यंत माझ्या ऑफिसात कोणी काही मागत नाही.

काकांना यावरून २००९ आठवलं. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, ऑगस्टमध्ये, आणि मग नायडू हॉस्पिटलबाहेर जी रांग लागली त्यात काका तासन्‌तास उभे होते, तोंडाला रुमाल बांधून, साधी सर्दी घेऊन. त्यांच्या मते हा मुद्दा सरकारी हॉस्पिटलांचा आहे, मॅनेजरचा नाही. असू दे. पण त्या रांगेत साधी सर्दीवालेही खऱ्या फ्लूवाल्यांच्या खांद्याला लागूनच उभे होते ना काका?

आता ते 'घरून लॉगिन करा'. ही एक ओळ आधीच्या तीन ओळी पुसून टाकते. मॅनेजर 'अर्जंट असेल तर' लिहितो आणि टीम 'ऑनलाइन दिसा' वाचते. इथे आल्यावर पहिल्यांदा ताप आला तेव्हा मी पांघरुणात लॅपटॉप घेऊन बसले होते, तर माझ्या बॉसचा फोन आला, तो बंद कर, तू आजारी आहेस, आजारी माणूस काम करत नाही. छान वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, म्हणजे मी नसले तरी यांचं काही अडत नाही. पुण्यात ताप घेऊन ऑफिसला गेले की कोणीतरी कपाळाला हात लावायचं, अगं किती तापलीयेस, म्हणून ओरडायचं, कॅन्टीनचा काका आल्याचा चहा वेगळा काढून द्यायचा. आपल्याकडची माणसं तापात ऑफिसला जातात ती फक्त रजेच्या भीतीने नाही, तिथे कोणीतरी बघतं म्हणूनही जातात, असं मला वाटतं. इथे पूर्ण पगारात, पूर्ण कायद्याने मी घरी झोपते आणि दारावरची बेल वाजली तर ती पार्सलवाल्याची असते. मऊ भात मीच लावते. दादा 'तिकडे' म्हणतो तेव्हा मला लागतं ते यामुळे. इकडच्यांनी मला अजून 'आमची' म्हटलेलं नाही आणि तिकडच्यांनी मला यांच्यात ढकलून मोकळं केलंय, त्यात पुण्याच्या तापाबद्दल बोलायला तू कोण, हेही ऐकून घ्यायचं.

तरी बोलतेच. मावसभावाने मेसेज परत लिहिलाय, वहिनींचं २४ तासांचं माप घालून, लॉगिनची ओळ काढून, आणि रजा कोणत्या खात्यातून जाईल ते एचआरकडून लिहून घेऊन. तीन दिवसांपर्यंत सर्टिफिकेट नको हेही मिळवलं. पण त्या बसचा ड्रायव्हर, काचेची खोली पुसणाऱ्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले त्या मेसेजमध्ये नाहीत, ते कॉन्ट्रॅक्टरचे. त्याने विचारलं तर उत्तर आलं की ते आमच्या पॉलिसीत येत नाहीत.

यावर दादा खूश, म्हणाला माझ्या वर्कशॉपच्या पोरांना ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे, आम्ही तुमच्यापेक्षा बरे. ₹२१,००० पर्यंत पगार असलेल्यांना आहे, बरोबर. आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत दादा. पहिले दोन. वहिनींनी वर सांगितलेले तेच दिवस, ज्यात तुझा लेथवरचा पोरगा गोळी खाऊन येतो आणि बाजूच्याला ताप देतो. हे मी लिहिलं तर त्याने विचारलं, मग ते दोन दिवस मी माझ्या खिशातून द्यायचे का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मी पावसाळ्यातल्या खाड्यांचा हिशोब काढतो आणि मग तुझ्याशी बोलतो, जर्मनीचं उदाहरण न देता बोलणार असशील तर.