समालोचक जाता जात नाही

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेची फाईल हातात देऊन माणसं सहज सांगून जातात, "यातली कॉमेंट्री आणि आरडाओरडा तेवढा काढून टाका, मैदानाचा आवाज राहू द्या." बॅटवर बसलेल्या चेंडूचा टप्प, किपरचं "टाक टाक, मस्त टाकतोयस", धावणाऱ्या पायांची धपधप आणि लिंबावरचा कावळा, एवढंच त्यांना हवं असतं. मागणी रास्त आहे. फक्त भेळ कालवून झाल्यावर चिंचेचं पाणी परत मागण्यासारखी आहे.

आधी फाईलच्या पोटात काय आहे ते बघावं.

```
ffprobe -v error -select_streams a -show_streams match.mp4
```

नशीब थोर असेल तर दोन ऑडिओ ट्रॅक दिसतात: एकात समालोचकाचा माईक, दुसऱ्यात मैदान. मग काम दोन मिनिटांचं. ओबीएसमध्ये प्रत्येक माईकला वेगळा ट्रॅक देऊन रेकॉर्डिंग करता येतं, एका वेळी सहा ट्रॅकपर्यंत. ती खूण करायला कुणालाही सुचत नाही, म्हणून बहुधा एकच स्टिरिओ ट्रॅक निघतो आणि त्यात सगळं गाव नांदत असतं.

पहिला उपाय जुना आणि फुकटचा. मिक्सरमधून आलेला समालोचक डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो. एकीतून दुसरी वजा केली की तो शून्य होतो.

```
ffmpeg -i match.mp4 -vn -af "pan=mono|c0=0.5*c0+-0.5*c1" side.wav
```

ऐकून बघा. समालोचक खरंच गेलेला वाटतो. राहते ती गर्दी! प्रेक्षक कॅमेऱ्याच्या दोन्ही माईकांत वेगवेगळे पोचतात, म्हणून वजाबाकीतून सुखरूप बाहेर पडतात. आणि बॅटचा टप्प? खेळपट्टी कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, म्हणजे तोही दोन्हीकडे जवळजवळ सारखा. समालोचकाबरोबर तोही निम्माशिम्मा गेला. जे काढायचं ते राहिलं आणि जे राखायचं ते गेलं, अशी ही किमया. वर कमी बिटरेटची फाईल असेल तर मागे पाखरांसारखी चिवचिव उरते. ती पाखरं लिंबावरची नव्हेत, कॉम्प्रेशनची आहेत.

शिवाय समालोचक पूर्ण गेलेला नसतोच. तोच आवाज मैदानावरच्या कर्ण्यातूनही वाजत असतो आणि कर्ण्यातून निघून कॅमेऱ्याच्या माईकात शिरतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ६८ मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज २०० मिलिसेकंद उशिरा येतो. दारातून हाकललेला गडी खिडकीतून परत आत. "टेम्पो कुणाचा आहे, त्यांनी तो ताबडतोब बाजूला घ्यावा" ही सूचना विहिरीतून दिल्यासारखी ऐकू येत राहते.

म्हणून मी वजाबाकीच्या नादी न लागता गाण्यातून गायक वेगळा काढणारा प्रोग्राम वापरावा या मताचा आहे.

```
demucs --two-stems=vocals match.mp4
```

दोन फाईली मिळतात, `vocals.wav` आणि `no_vocals.wav`. सगळी मॅच एकदम न देता षटकाषटकाने द्यावी, नाहीतर मेमरी संपून कॉम्प्युटर हात वर करतो. माणसं `no_vocals.wav` ऐकून खूष होतात, पण आधी ऐकायची ती दुसरी. तिच्यात काय चुकून गेलं ते कळतं. किपरचं "मस्त टाकतोयस" तिथे सापडतं, कारण प्रोग्रामच्या लेखी किपर काय आणि समालोचक काय, दोघेही गवयी. त्याची ती दोन-तीन वाक्यं कापून परत मूळ जागी चिकटवावी लागतात. कर्ण्याचा प्रतिध्वनी यातही थोडा उरतो, पण शब्द कळेनासे होतात. टेम्पो कुणाचाही असो.

गर्दी मात्र जागच्या जागी. इथे हमखास ऑडॅसिटीतलं `Noise Reduction` उघडलं जातं. ते पंख्याच्या घरघरीसाठी आहे. आवाज एकसारखा असेल तरच त्याचा नमुना घेऊन तो वजा करता येतो. गर्दी क्षणाक्षणाला बदलते, म्हणून ती तर जात नाहीच, उलट सगळं मैदान पाण्याखाली खेळतंय असं वाटू लागतं.

गर्दीची एक खोड मात्र कामी येते. ती नेहमी उशिरा ओरडते. चेंडू बॅटला लागला, डोळ्यांना दिसला, डोक्यात शिरला आणि मग तोंड उघडलं, यात पाव ते अर्धा सेकंद जातो. टप्प तेवढ्यात वाजून संपलेला असतो. तेव्हा गर्दी काढायची नाही, तिच्या आधीचं उचलायचं. समजा टप्प १२ मिनिटं ०४.३० सेकंदांवर आहे. गोलंदाजाच्या धावेपासून ०४.५५ पर्यंतचा आवाज जसाच्या तसा ठेवा, पुढच्या सेकंदाच्या दहाव्या भागात तो उतरवत न्या आणि खाली निवांत मैदानाचा थर वाजू द्या.

हा थर म्हणजे कुणीही बोलत नाही असा आठ-दहा सेकंदांचा तुकडा. तो शोधणं हीच खरी तपश्चर्या. ड्रिंक्सला डीजे सुरू होतो आणि षटकांच्या मध्ये देणगीदारांची नावं. सगळ्यात चांगला तुकडा वीज गेल्यावर मिळतो: कर्णा बंद, डीजे बंद आणि कॅमेरा बॅटरीवर चालूच. दोन सेकंदांचा क्रॉसफेड देऊन तो लागेल तेवढा लांबवा. त्यात कावळा नको. एकदा ओरडलेला कावळा लूपमध्ये दर काही सेकंदांनी त्याच सुरात ओरडतो आणि तिसऱ्या खेपेला बघणारा कावळाच मोजू लागतो. सकाळचा थर रात्रीच्या सामन्याला लावू नये. रात्री मागे जनरेटर असतो, तो मध्येच गायब झाला की लगेच कळतं. टप्पपेक्षा थर साधारण २० डेसिबल खाली ठेवावा. पूर्ण शांतता ठेवली तर लोक मोबाईलचा आवाज वाढवून बघतात.

शेवटी जोडणी. राखलेले आवाज आणि त्यांखालचा थर एकत्र करून `ambient.wav` नावाने साठवा आणि ती फाईल चित्राला जोडा:

```
ffmpeg -i match.mp4 -i ambient.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac final.mp4
```

कॅमेरा खेळपट्टीपासून ५० मीटरवर असेल तर टप्प चित्राच्या चारेक फ्रेम मागे असतो. तो तसाच असू दे. लांबून बघताना तो तसाच ऐकू येतो. "सिंक बिघडलंय" म्हणून कुणीतरी तो पुढे ओढतं आणि मग फलंदाज कॅमेऱ्याच्या मांडीवर उभा राहून खेळतोय असं वाटतं.

षटकारानंतर कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला तर तिथे गर्दी पूर्ण बंद करू नका. आ वासून नाचणारी मुकी माणसं बघवत नाहीत. १५ डेसिबल खाली उतरवून ठेवा. २०२० सालची आयपीएल अमिरातीत रिकाम्या स्टेडियममध्ये झाली, तेव्हा प्रक्षेपणात रेकॉर्ड केलेली गर्दी मुद्दाम घातली होती. आपण काढतोय, ते घालत होते, एवढाच फरक.

शेवटच्या षटकाचं मात्र काही होत नाही. तिथे गर्दी चेंडू पडायच्या आधीपासूनच ओरडत असते, त्यामुळे टप्पच्या पुढेमागे मोकळी जागा नसते. मग दुसऱ्या चेंडूचा टप्प उचलून इथे चिकटवायचा मोह होतो. चौकार-षटकाराला एकवेळ चालेल. पण किपरकडे गेलेल्या चेंडूवर चुकूनही चिकटवू नका. कट लागली की नाही यावरून जे भांडण फायनलच्या दिवशी मिटलं होतं, त्याला तुम्ही ऑडिओ पुरावा तयार करून देताय, आणि हरलेला संघ तो व्हिडिओ घेऊन थेट पंचांच्या घरी जातो.