हॉलच्या जाहिरातीत पंगतीचा आकडा लिहा

बेळगाव-खानापूर भागातल्या मंगल कार्यालयांच्या ऑनलाइन जाहिराती बघा. 'भव्य हॉल, 1000 माणसांची सोय, प्रशस्त पार्किंग.' एवढ्यावर मुलीचा बाप ॲडव्हान्स देतो. माझं स्पष्ट मत आहे, अशी जाहिरात लिहू नये.

क्षमता मोजून सांगता येते. समजा हॉल 50 बाय 80 फुटांचा आहे, म्हणजे 4000 चौरस फूट. त्यातून स्टेज, मधली वाट आणि दारापुढची मोकळी जागा गेली की 2600 च्या आसपास उरते. एका खुर्चीला वाटेसकट साडेसात चौरस फूट धरले तर 350 खुर्च्या झाल्या. उभी माणसं धरून हजार म्हणता येईल, पण आजी-आजोबांना उभं ठेवून अक्षता टाकायच्या काय?

खरा आकडा मात्र जेवणघरात असतो. आपल्याकडे लोक अक्षतेच्या वेळेला एकदम येतात आणि एकदमच जेवायला उठतात. एका पंगतीला 150 माणसं बसत असतील, तर वाढणं, जेवणं, उष्टं काढून टेबल पुसणं यात 40 मिनिटं सहज जातात. 700 पाहुण्यांना पाच पंगती. साडेबाराच्या अक्षता असतील तर शेवटचा माणूस चार वाजता हात धुणार. हे बुकिंगआधी कळलं तर घरचे बुफे ठेवतील किंवा दुसरा हॉल बघतील. म्हणून पंगतीचा आकडा शीर्षकातच हवा.

पार्किंगचा हिशेब गुंठ्यात करा. गाडी उभी करायला आणि वळवायला मिळून पावणेतीनशे चौरस फूट धरा, म्हणजे गुंठ्याला चारच्या आत गाड्या. दहा गुंठ्यांतले तीन दुचाकींना दिले की 25 गाड्यांची जागा सहज उरते. चंदगड-गडहिंग्लजकडून वऱ्हाडाची बस येणार असेल, तर ती आत वळते की रस्त्यावर थांबते, हेही लिहा.

जेवणाच्या अटी तर बहुतेक जण लपवतातच. आचारी बाहेरचा चालतो, असं फोनवर सांगायचं आणि पैसे भरल्यावर त्याचे वेगळे पैसे मागायचे, हे वाईट आहे. हळदीच्या रात्री मटण चालत नसेल तर तेही आधीच सांगा. त्यावरून ऐनवेळी सोयऱ्यांत रुसवे होतात.

मी शीर्षक असं लिहीन: 'मंगल कार्यालय, खानापूर रोड: 350 खुर्च्या, एका पंगतीला 150, गाड्या 25, फक्त शाकाहारी'.

आणि खाली वर्णन: 'हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जेवणघर तळमजल्यावर. मोठी बस आत वळत नाही, माणसं गेटवर उतरवावी लागतात. आचारी तुमचा चालेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. भांडी भाड्यात धरली आहेत. गॅस सिलिंडर, वाढपी आणि पिण्याचं पाणी तुमचं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर स्वयंपाकघर ताब्यात मिळेल.'