‘बरं.’चा खुलासा कसा करावा

गेल्या मंगळवारी मी आतेबहिणीला मेसेज टाकला, ‘ताई, रविवारी अकराला मिसळीला ये. वेळेवर.’ तिचं उत्तर आलं, ‘बरं.’ पुढे पूर्णविराम. मी विचारलं, ‘रागावलीस का गं?’ त्यानंतर जे घडलं, त्यातून शिकलेलं तुमच्यापुढे मांडते. तुमच्याही घरी कामी येईल.

पहिलं म्हणजे, खुलाशाची सुरुवात ‘तुझा गैरसमज झालाय’ अशी करावी. म्हणजे लिहिणारी निर्दोष आणि वाचणारी मठ्ठ, हे आधीच ठरून जातं.

मूळ मेसेज पुसून टाकावा. तिथे मेसेज पुसल्याची खूण राहते आणि समोरचा रात्रभर ‘त्यात अजून काय होतं’ याचा विचार करतो.

‘राग आला असेल तर सॉरी’ यातला ‘असेल तर’ कधीही गाळू नये.

आता मुख्य मुद्दा. एका शब्दाचा खुलासा एका वाक्यात करणं हे कोत्या मनाचं लक्षण आहे. माझ्या ताईने सलग तीन व्हॉइस नोट पाठवल्या, मिळून चौदा मिनिटांच्या. पहिलीत ती म्हणाली, ‘मला तो विषय काढायचाच नाहीये.’ मग विषय निघाला. माझ्या साखरपुड्याला तिला उशिरा कळवलं होतं, तो. तिथून गाडी आईच्या आजारपणावर, तिथून गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीत कोणाला कोणती साडी दिली यावर. मधे एकदा ‘जाऊ दे, तुला नाही कळायचं’. दुसऱ्या नोटमध्ये पाच मिनिटं रिक्षाचा आवाज आणि ‘तू नेहमीच अशी’. त्या वाक्यातला तो ‘च’ ऐका. मराठीत भांडण जिवंत ठेवायला एवढं एकच अक्षर पुरतं. शेवटी कुटुंबाच्या ग्रुपवर माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट, ‘सांगा, यात माझं काय चुकलं?’ यावर मामांनी हात जोडल्याची इमोजी टाकली. ती नेमकी कोणाला, यावर आता वेगळं भांडण सुरू आहे.

आणि त्या चौदा मिनिटांत, अकराव्या मिनिटाला, ओझरतं एक वाक्य होतं: ‘मी द्वारकेला रिक्षात होते, एका हातात भाजीची पिशवी, अंगठ्याने कसंबसं टाइप केलं.’ झालं! एवढंच होतं! काही कीबोर्डांवर स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आपोआप पडतो. तो तिने दिलाच नव्हता. आणि द्वारका चौकातली कोंडी म्हटल्यावर नाशिककरांना आणखी काही सांगावं लागतं का?

अमेरिकेत 2005 साली क्रुगर आणि एप्ली यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. ईमेलमधलं आपलं वाक्य उपरोधाने लिहिलंय की सरळ, हे वाचणाऱ्याला शंभरात 78 वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात कळलं 56 वेळा. नाणं उडवलं असतं तरी 50 वेळा जमलं असतं. कारण लिहिताना आपला सूर आपल्याच कानात वाजत असतो, समोरच्याला नुसती अक्षरं दिसतात. माझ्या ‘वेळेवर’ या शब्दाचंही तेच झालं. मी लिहिलं ते मिसळीचा रस्सा गरम असावा म्हणून. तिने वाचलं, ‘तू कायम उशिरा येतेस’.

बरं, पुरे आता हा शहाजोगपणा. माणसांनो, साधं आहे हे! कोणतं वाक्य टोचलं ते एकच वाक्य उचला. तेव्हा मनात काय होतं ते सांगा. ‘वाचताना ते तुसडं वाटतं खरं’ हे कबूल करा. आणि पुढे काय करायचं ते बोला. ‘ताई, “वेळेवर” हे मी रस्स्यासाठी लिहिलं होतं. वाचायला टोमण्यासारखं लागतं, चुकलंच. अकरा ते बारात कधीही ये.’ संपलं. यापुढे ‘पण’ आला की साखरपुडा आलाच म्हणून समजा. जुनं दुखणं खरं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, समोरासमोर बसा. आजच्या पूर्णविरामाच्या पाठीवर ते लादू नका. ग्रुपवर तर मुळीच जाऊ नका. तिथे समजून घ्यायला कोणी बसलेलं नसतं, सगळे बाजू घ्यायला बसलेले असतात. आणि दोन मेसेजांत नाही मिटलं तर फोन करा, फोन! आवाजात सूर असतो. इंदिरानगर ते पंचवटी आहे, सातासमुद्रापार नाही. मीही गाढवच, ‘रागावलीस का गं’ टाइप करत बसले. तेवढ्यात रिंग दिली असती तर मागून रिक्षाचे हॉर्न ऐकू आले असते आणि मीच हसले असते.

ताई, रविवारी अकराला ये. उशीर झाला तरी चालेल.

हा टोमणा नाही. थांब, फोनच करते.