बँकेला पत्र दोनदा लिहावं लागलं, त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात इथे स्टुटगार्टमध्ये गणपतीच्या तयारीला जमलो होतो, तर मोदक कुणी करायचे हे ठरायच्या आधीच तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही भारतातलं खातं एनआरओ केलंत ना? बँकेला पत्र काय लिहिलंत?" एनआरओ म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

नवरा ऑक्टोबर २०२१ मध्ये नोकरीसाठी जर्मनीत आला, मी आणि लेक जून २०२२ मध्ये. आमची खाती साताऱ्याच्या एका शाखेत. बँकेला कळवायला हवं हे आम्हाला माहीत होतं, पण अनिवासी ठरायला १८२ दिवस लागतात, हा आकडा नवऱ्याच्या डोक्यात पक्का बसलेला. "अजून १८२ दिवस कुठे झालेत?" म्हणून पहिलं वर्ष गेलं. मग "पुढच्या सुट्टीत शाखेतच जाऊ" म्हणून दुसरं गेलं. असं करता करता २०२४ उजाडलं.

तो दिवसांचा हिशेब प्राप्तिकराचा आहे. खातं निवासी की अनिवासी हे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, ठरवतो, आणि फेमा परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाचे दिवस मोजत बसत नाही, तो कशासाठी गेला हे बघतो. नोकरी किंवा धंद्यासाठी, किंवा कधी परतणार हे नक्की नाही अशा बेताने देश सोडलात, की सोडल्यापासूनच तुम्ही अनिवासी. कंपनीने सहा आठवड्यांच्या कामासाठी पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे नवरा विमानात बसला तेव्हापासूनच त्याचं साधं बचत खातं 'साधं' उरलं नव्हतं. मी नोकरीसाठी नाही, त्याच्याबरोबर राहायला आले, पण राहायलाच आले, त्यामुळे जून २०२२ पासून मीही त्याच रांगेत. शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते, हे पुष्कळ आईवडिलांना माहीत नसतं.

म्हणून माझं मत असं की पत्र निघायच्या आधी द्यावं. व्हिसा आणि नोकरीचं पत्र हातात आलं की शाखेत जा, निघायची तारीख लिहून द्या, पोच घ्या. परदेशातल्या पत्त्याचा पुरावा मागाहून पाठवता येतो. समोरासमोर पंधरा मिनिटांत होणारं काम आम्ही तीन वर्षं आणि असंख्य ईमेलींवर नेलं.

आता आमचं पहिलं पत्र. नवऱ्याने ते दोन ओळींत उरकलं होतं: "आम्ही आता जर्मनीत राहतो. कृपया आमची सर्व खाती एनआरआय करावीत." कागद जोडले, कुरिअर केलं, आणि आम्ही निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांनी सासूबाईंचा फोन. "अगं, औषधाच्या दुकानात माझं कार्ड चाललं नाही. मशीनवर गेले तर पैसेही येईनात. तुम्ही काही केलंत का?"

केलं होतं ना. 'सर्व' हा शब्द लिहून ठेवला होता.

त्या शाखेत आमची तीन खाती. पहिलं नवऱ्याचं आणि माझं. दुसऱ्यात नवरा पहिला आणि आई दुसऱ्या. आम्ही त्याला घरखर्चाचं खातं म्हणायचो, गॅस, औषधं, वीजबिल, कामाच्या मावशींचा पगार सगळं आई त्यातून करायच्या. तिसऱ्यात आई पहिल्या आणि नवरा दुसरा, त्यात त्यांच्या स्वतःच्या ठेवींचं व्याज जमा होतं. शाखेने नवऱ्याच्या ग्राहक क्रमांकावर एनआरआयचा शिक्का मारला आणि त्याचं नाव जिथे जिथे होतं ती तिन्ही खाती एनआरओ करून टाकली.

मी फोनवर भांडायच्या तयारीत होते. मग नियम वाचले आणि लक्षात आलं की दुसऱ्या खात्याबाबत बँक बरोबर होती. एनआरओ खात्यात निवासी माणूस संयुक्त राहू शकतो, पण 'पहिला किंवा त्याच्या पश्चात दुसरा' या अटीवर. म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्यानेच करायचे. आईंचं कार्ड बंद पडलं ते नियमानेच. तिसऱ्याबाबत मात्र बँक साफ चुकली. तिथे पहिल्या खातेदार आई, त्या साताऱ्यातच राहतात, खातं निवासीच. दुसरं नाव परदेशातल्या मुलाचं असलं म्हणून ते एनआरओ होत नाही. उलट निवासी माणसाच्या बचत खात्यात जवळच्या अनिवासी नातेवाइकाला 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीने ठेवायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दिलेली आहे.

या मुभेला अटी आहेत, त्या पाळा. मुलाने त्या खात्यावर हात चालवायचा तो आईसाठी, आईच्या वतीने, भारतातल्या देण्याघेण्यासाठी. स्वतःचे भारतातले पैसे, म्हणजे फ्लॅटचं भाडं किंवा स्वतःच्या ठेवीचं व्याज, त्यात टाकायचे नाहीत. आणि पुढे कधी आईच्या मागे तो एकटाच खातेदार उरला, तर खातं एनआरओ होतं आणि ते बँकेला कळवायची जबाबदारी त्याची.

मग दुसरं पत्र लिहिलं. ते इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते. तपशील अर्थातच काढले आहेत.

"मा. शाखाधिकारी यांस,
मी, खालील खात्यांचा खातेदार, नोकरीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये भारत सोडला. माझी पत्नी जून २०२२ पासून माझ्यासोबत राहते. आम्ही दोघेही अनिवासी आहोत. हे कळवायला उशीर झाला, ही आमची चूक.
खाते १, माझे व पत्नीचे: एनआरओ म्हणून राहू द्यावे.
खाते २, माझे व आईचे: एनआरओ म्हणून राहू द्यावे. आई त्यातून व्यवहार करणार नाही, तिचे कार्ड रद्द करावे.
खाते ३, आईचे व माझे: आई पहिली खातेदार असून भारतात राहते. हे खाते चुकून एनआरओ झाले आहे. ते पूर्ववत निवासी करून 'दोघांपैकी कुणीही' ही पद्धत कायम ठेवावी व आईला कार्ड द्यावे.
माझ्या नावची मुदत ठेव एनआरओ ठेव म्हणून मुदत संपेपर्यंत आहे त्या व्याजदराने चालू ठेवावी.
माझे पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू राहील, मुदतवाढ नको.
वारस नोंदी आहेत तशाच राहाव्यात. प्रत्येक खात्यावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे."

पहिल्या पत्रात आणि यात फरक एवढाच की इथे प्रत्येक खात्याला वेगळी ओळ आहे, आणि तिथे पहिलं नाव कुणाचं ते लिहिलंय. बँकेच्या छापील अर्जात व्हिसाचा प्रकार, परदेशी कर क्रमांक, वडिलांचं नाव, सगळ्याला रकाना आहे. "हे खातं रोज वापरतं कोण?" याला नाही. तो रकाना असता तर आईंना औषधाच्या दुकानात उधारी सांगावी लागली नसती.

आता पैशाचं. खातं १ आणि ठेव एनआरओ झाल्यावर सगळ्यात जाणवतो तो कर. ठेव ४ लाखांची, व्याज ७ टक्के, म्हणजे वर्षाला २८,००० रुपये. निवासी असताना एवढ्या व्याजावर बँक काहीच कापत नव्हती. एनआरओवर पहिल्या रुपयापासून कापते, ३० टक्के आणि त्यावर उपकर, मिळून ३१.२ टक्के. म्हणजे ८,७३६ रुपये गेले. भारत-जर्मनी करारात व्याजावर १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. इथल्या कर कार्यालयातून, फिनान्झाम्टमधून, निवासाचा दाखला घ्यायचा, भारताच्या प्राप्तिकर पोर्टलवर त्यासाठीचा फॉर्म, आमच्या वेळी १०एफ, भरायचा आणि दोन्ही बँकेला द्यायचे, तेही दरवर्षी. मग कापले जातात २,८०० रुपये. नाही दिलेत तर जास्तीचे भारतात रिटर्न भरून परत मागावे लागतात. जर्मनीच्या रिटर्नमध्येही ते व्याज दाखवायचं असतं, आणि इथे वजावट मिळते ती करारातल्या १० टक्क्यांपुरतीच. जास्त कापलेला कर जर्मनी भरून देत नाही.

"सरळ एनआरईच करा ना, तिथे व्याजावर कर नाही," असं एकीने सुचवलं. जुनं निवासी खातं एनआरई होत नाही. एनआरई नवीन उघडावं लागतं आणि त्यात बाहेरून कमावलेला पैसा येतो. आम्ही तेही उघडलं. साताऱ्याच्या फ्लॅटचं भाडं मात्र एनआरओतच जमा होतं. (भाड्यावरच्या कराचा विषय स्वतंत्र पोस्टचा आहे, इथे विचारू नका.)

कागदांबद्दल थोडंसं. पासपोर्ट, निवासाचा परवाना, इथल्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन यांच्या साक्षांकित प्रती लागल्या. आमचं कॉन्सुलेट म्युनिकला, म्हणजे एक दिवस रजा. पण आमचं पाकीट अडलं ते सहीवर. नवऱ्याची बँकेतली सही कॉलेजातली, मराठीत. आता तो सगळीकडे इंग्रजीत करतो. पत्रावरची सही जुळली नाही म्हणून पाकीट परत. शेवटी त्याने कॉन्सुलेटच्या माणसासमोर दोन्ही सह्या केल्या आणि नवीन सही नोंदवायचा अर्ज त्याच पाकिटात घातला. पाठवण्याआधी जुनं चेकबुक काढून स्वतःची सही एकदा बघून घ्या.

दुसऱ्या पत्रानंतर पाच आठवड्यांनी लेखी उत्तर आलं, तिन्ही खात्यांची वेगवेगळी नोंद असलेलं. आईंच्या खर्चाचे पैसे आता इथून थेट खाते ३ मध्ये जातात. नवीन कार्ड आलं तेव्हा पिन काय ठेवू म्हणून त्यांनी फोन केला होता. मी म्हटलं, "मला सांगू नका." त्या म्हणाल्या, "मग विसरले तर?" त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.