साहेब, गुलाल आणून ठेवलाय

मित्राची राज्यसेवा पूर्व परीक्षा रविवारी असेल, तर शुक्रवारपासूनच त्याला 'साहेब' म्हणायला लागा. 'डेप्युटी साहेब' म्हणालात तर उत्तमच. तो ओशाळून "गप रे" म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नका, मनातून त्याला आवडतंच.

शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेतून त्याला उचला आणि तर्रीदार मिसळ खिलवा. उद्या सकाळी पोट बिघडलं तर बिघडलं, माया दिसली पाहिजे. मिसळ खाताना सहज सांगा, की काका गावभर सांगत फिरताहेत, आईने वणीच्या देवीला नवस बोललाय, आणि चौकात लावायच्या फ्लेक्ससाठी आपण फोटोही निवडून ठेवलाय. "तुझं नाही झालं तर कोणाचं होणार?" हे वाक्य दोनदा म्हणा. रात्री त्याला झोप लागली नाही, तर ती आनंदाने लागली नाही असं समजा.

आमच्या नाशिकच्या बंड्याच्या बाबतीत (खरं नाव सांगत नाही, आधीच बरीच शोभा केलीय) हे सगळं आम्ही यथासांग केलं. पण खरी कामगिरी बजावली ती दोन पेपरांच्या मधल्या वेळेत.

हा मधला वेळ अजिबात वाया घालवू नका. पहिला पेपर सामान्य अध्ययनाचा, मेरिट त्यावरच लागतं. दुसरा सीसॅट. त्यात फक्त पात्र व्हायचं असतं, म्हणजे २०० पैकी ३३ टक्के, ६६ गुण. आता ६६ म्हणजे काय, असं आपल्याला बाहेर झाडाखाली उभं राहून वाटतं. म्हणून बंड्या गेटातून बाहेर येताच आम्ही त्याला गराडा घातला. एकाने विचारलं, "किती सोडवले?" दुसऱ्याने टेलिग्रामवर आलेली कच्ची उत्तरं वाचायला सुरुवात केली. चौथं उत्तर चुकल्यावर बंड्याने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. मग मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "घाबरतोस काय! सीसॅट तर तुझ्या डाव्या हातचा मळ. एकही सोडू नकोस, गोळे हाणत सूट."

त्याने ऐकलं. एरवी तो घरी सराव पेपर सोडवायचा, तेव्हा येतील तेवढे उतारे आणि सोपी गणितं धरून बाकीचं शांतपणे कोरं ठेवायचा. त्या दिवशी त्याने ३२ बरोबर केले आणि २४ चुकवले. एका प्रश्नाला अडीच गुण, म्हणजे ८० झाले. निर्णयक्षमतेचे प्रश्न सोडले, तर प्रत्येक चुकीला प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. त्याच्या चुका नेमक्या कापल्या जाणाऱ्याच प्रश्नांत होत्या, त्यात १५ गेले. उरले ६५. त्या चोवीसपैकी दोनच गोळे हाणले नसते, तर ६६.२५ झाले असते. आयोगाची उत्तरतालिका आल्यावर हा हिशेब त्यानेच मला वहीत मांडून दाखवला, काळ्या बॉलपेनने. पहिल्या पेपरात तो बरा बसला होता. पण सीसॅटला अपात्र झाल्यावर ते कोण विचारतो?

आता आमच्यातल्या एका अरसिक माणसाबद्दल तुम्हाला सांगतो, त्याच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. शनिवारी त्याने बंड्याला फोन करून एवढंच विचारलं, "ओळखपत्र मूळ घेतलंस ना? द्वारकेला जाम असतो, लवकर निघू." ना साहेब, ना शुभेच्छांचा फोटो. मधल्या वेळेत आमचा घोळका चाललेला असताना हा गाडीपाशी दहीभाताचा डबा घेऊन उभा. पेपर कसा गेला हेसुद्धा विचारलं नाही. माणुसकी म्हणून काही असते की नाही? बंड्या दोनदा त्याच्याकडे जायला निघाला, पण आम्ही त्याला सोडला नाही. उत्तरं अजून संपली नव्हती.

संध्याकाळी आम्ही फटाके आणायचे का यावर बोलत होतो, तेव्हा ते दोघे गंगेवर जाऊन बसले. नंतर मी बंड्याला खोदून विचारलं, काय बोललात एवढं? म्हणाला, "काही नाही. त्याच्या गाडीचा क्लच घसरतोय, त्यावर बोललो."

तासभर क्लचवर! करिअरचा प्रश्न असताना!

गुलालाची दोन किलोची पिशवी माझ्याकडे तशीच आहे. रंगपंचमीलाही फोडली नाही. बंड्या पुन्हा फॉर्म भरतोय असं कानावर आलंय, फक्त या वेळी परीक्षेची तारीख त्याने मला सांगितलेली नाही. मी काढतोच शोधून.